तंबाखू नाही, फक्त पान: सुपारीच्या सवयीचं एक प्रकरण

मी रायगडच्या किनारपट्टीवरच्या एका तालुक्याच्या गावी दातांचा दवाखाना चालवते. आठवड्यातून एक दिवस एक समुपदेशक आमच्याकडे व्यसनमुक्तीसाठी बसतात. खालचं प्रकरण आम्ही दोघांनी मिळून हाताळलं. रुग्ण ओळखू येऊ नये म्हणून वय, नातेसंबंध आणि काही तपशील बदलले आहेत. त्यांना इथे मावशी म्हणते, दवाखान्यातही तेच म्हणायचे.

पार्श्वभूमी

मावशी पन्नाशीच्या. घराला लागून सुपारीची वाडी आहे, दिराबरोबर सामाईक. आमच्याकडे पिकलेली सुपारी सालासकट अंगणात वाळवतात. उन्हाप्रमाणे सव्वा-दीड महिना लागतो, मग ती सोलायची आणि निवडायची. सोलायला बसल्या की मावशी सकाळी नऊला बसत त्या दुपारी उठत. बाजूला चंची असायची आणि तिच्यात पानं, चुन्याची डबी, कात, अडकित्ता. तंबाखू नसायची.

पूर्वी असायची, पण पानात नाही. पंचवीस-तीस वर्षं त्या सकाळ-संध्याकाळ मिश्री लावत. सहा वर्षांपूर्वी गावातल्या एका आरोग्य शिबिरात त्यांना मिश्री सोडायला सांगितलं आणि त्यांनी ती खरोखरच सोडली, पुन्हा हात लावला नाही. शिबिरातल्या लोकांनी त्यांचं कौतुक केलं आणि कागदावर लिहिलं, "तंबाखू: बंद." पान खाता का, हे कुणी विचारलं नाही. तेव्हा त्या दिवसाला चार विडे खात होत्या. वर्षभरात ते बारा झाले.

त्या शिबिरातल्या लोकांना नावं ठेवायला मला तोंड नाही, कारण तीन वर्षांपूर्वी मावशी माझ्याकडे दाढ काढायला आल्या होत्या. माझ्याच अक्षरात त्यांच्या कागदावर "तंबाखू: नाही" असं आहे आणि त्याखाली काहीच नाही. त्यांचे दात लालसर तपकिरी होते. मी ते बघितलं, दाढ काढली आणि पुढचा पेशंट घेतला.

तक्रार

या वेळी त्या आल्या ते जेवताना तिखट झोंबतं म्हणून. आमटीचा पहिला घास गेला की गालाच्या आतून आग होते. आणखी एक गोष्ट त्यांनी सहज सांगितली, जणू ती तक्रारच नव्हे: भाकरीचा घास आता लहान करावा लागतो.

तोंड उघडायला सांगितलं. वरच्या आणि खालच्या पुढच्या दातांमधलं अंतर मोजलं तर २७ मिलिमीटर भरलं. मोठ्या माणसात ते साधारण ३५ ते ४५ असतं, म्हणजे स्वतःची तीन बोटं उभी आत जातात. मावशींची दोन जेमतेम जात होती. गाल आतून फिकट, संगमरवरासारखे दिसत होते. बोट फिरवलं की कातडीखाली ताणलेल्या दोऱ्या लागायच्या. याला सबम्युकस फायब्रोसिस म्हणतात. सुपारीतल्या घटकांमुळे गालाच्या अस्तराखाली तंतू जमत जातात, शरीर ते पुरेसे मोडत नाही आणि गाल आखडतो. झालेलं आखडणं पुरतं परत जात नाही. यातल्या काही रुग्णांत पुढे कर्करोग होतो.

मी म्हटलं, "मावशी, पान बंद करावं लागेल."

त्या हसल्या. "अहो डॉक्टरीणबाई, तंबाखू कुठे खाते मी? नुसतं पान आहे ते. देवालासुद्धा ठेवतो आपण."

हे वाक्य मला आठवड्यातून एकदा तरी ऐकायला मिळतं. कर्करोगावर संशोधन करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संस्थेने १९८५ साली तंबाखूच्या विड्याला कर्करोगकारक ठरवलं. बिनतंबाखूच्या विड्याला आणि नुसत्या सुपारीलाही तसंच ठरवायला २००४ उजाडलं. त्या दोन निर्णयांच्या मधल्या काळात जे समज पक्के झाले ते अजून जागेवर आहेत, आणि आमच्या छापील फॉर्ममध्येही आहेत.

पण मावशींच्या बाबतीत खरा प्रश्न गालाचा नव्हता. गालाचं सांगितल्यावर त्या घाबरल्या, घरी जाऊन चंची माळ्यावर टाकली, आणि तिसऱ्या दिवशी खाली काढली. सुनेने फोनवर सांगितलं, "आई दोन दिवस कुणाशी धड बोलल्या नाहीत. डोकं जड आहे म्हणत दुपारभर झोपल्या. सोलायला बसल्या तर हातच चालेना." मावशींचं म्हणणं त्याहून नेमकं होतं: "काही सुचतच नाही हो."

भीती पुरेशी होती, आणि तरी जमलं नव्हतं. म्हणून मी समुपदेशकांना बोलावलं.

विडा डोक्यात काय करतो

समुपदेशकांनी मावशींना विचारलं, "पहिल्यांदा सुपारी कधी लागली होती, आठवतं?"

मराठीत या प्रश्नाला अर्थ आहे, हे आमचं नशीब. सुपारी "लागते" हे आपल्याकडे कुणाला समजावून सांगावं लागत नाही. घाम फुटतो, छातीत दाटतं, कान गरम होतात, गरगरतं, मग कुणीतरी पाणी देतं. मावशींना आठवत होतं. आठ-नऊ वर्षांच्या असताना आजीच्या चंचीतलं ओलं खांड खाल्लं होतं आणि ओटीवर आडव्या झाल्या होत्या.

"मग आता दिवसाला बारा विडे खाता, लागत का नाही?"

त्या जरा थांबल्या. "सवय झाली."

आमच्या समजावण्याचा पाया इथेच पडला. सुपारीत अरेकोलिन नावाचं द्रव्य असतं. आपल्या मज्जातंतूंमध्ये निरोप पोचवणारं असिटिलकोलिन नावाचं एक रसायन आहे आणि अरेकोलिन त्याची नक्कल करतं. असिटिलकोलिनसाठी शरीरात दोन जातींची कुलपं आहेत. पहिल्या जातीचं नाव मस्कॅरिनिक. घाम, लाळ, पोटाची हालचाल यांतली बरीच कामं तिच्याकडे असतात, आणि मेंदूत जाग आणि लक्ष यांच्याशीही तिचा संबंध आहे. अरेकोलिन मुख्यतः ही कुलपं उघडतं. सुपारी "लागते" तेव्हा मुख्यतः हेच एकदम उघडलेलं असतं. रोज तोच मारा होत राहिला की शरीर त्याच्याशी जुळवून घेतं आणि तेवढ्याच सुपारीने घाम फुटेनासा होतो. मावशी ज्याला सवय म्हणाल्या ते हे. आता शरीर सुपारी गृहीत धरून चाललेलं असतं, आणि ती आली नाही की डोकं जड होतं, काही सुचत नाही.

कुलपांची दुसरी जात निकोटिनिक, कारण तंबाखूतलं निकोटीन तिथे बसतं. मेंदूत डोपामिन सोडणाऱ्या पेशींवर ही कुलपं असतात. "हे पुन्हा कर" ही शिकवण मेंदूला देण्यात डोपामिनचा मोठा वाटा आहे. २०१५ साली अमेरिकेतल्या फ्लोरिडा विद्यापीठाच्या संशोधकांनी दाखवलं की तंबाखूच्या व्यसनात जी निकोटिनिक कुलपं महत्त्वाची आहेत त्यांतल्या काहींवर अरेकोलिनही बसतं, मात्र किल्ली अर्धीच फिरते. हे प्रयोग बेडकाच्या अंड्यांमध्ये ती कुलपं बसवून केलेले होते. त्यामुळे चालत्या-बोलत्या माणसाच्या मेंदूत याचा वाटा किती, हे त्यावरून ठरवता येत नाही. तरी मिश्री सुटल्यावर चाराचे बारा विडे का झाले असावेत, याचा एक धागा मला इथे दिसतो. दुसरा धागा साधा आहे. मिश्री गेल्यावर तोंड आणि हात रिकामे झाले, आणि घरात सुपारीची रास होती.

मग चुना. मावशींना वाटायचं चुना रंगासाठी आणि चवीसाठी. खरं तर विड्याचा वेग चुन्यामुळे ठरतो. चुन्याने तोंडातला रस अल्कधर्मी होतो आणि अरेकोलिन गालाच्या अस्तरातून पटकन रक्तात जाईल अशा रूपात येतं. पोटातून जायची वाट बघावी लागत नाही. चुन्यामुळे अरेकोलिनचा काही भाग बदलून दुसरी द्रव्यंही तयार होतात. मेंदूला शांत करणाऱ्या गाबा या रसायनाचं पेशींत परत शोषलं जाणं ती प्रयोगशाळेत अडवतात, आणि विड्याने "बरं वाटतं" त्याचं कारण हेच, असं बऱ्याच ठिकाणी लिहिलेलं सापडतं. मी ते जपून घेते, कारण ही द्रव्यं रक्तातून मेंदूत सहज शिरत नाहीत.

वेगाचा मुद्दा मात्र आम्ही डोळ्यांनी पाहिला. मावशींची दुपारच्या विड्याची वेळ झालीच होती. त्या तो बाहेर जाऊन खाणारच होत्या, म्हणून समुपदेशक म्हणाले, इथेच खा. दातांच्या डॉक्टरने दवाखान्यात रुग्णाला पान खाऊ द्यावं का, यावर आमचं नंतर वाजलं आणि अजूनही माझं मत पूर्ण बदललेलं नाही. पण झालं ते असं. विड्याआधी नाडी ७४ होती. दोन मिनिटांत मावशी म्हणाल्या, कानाशी ऊब आली. पाचव्या-सहाव्या मिनिटाला नाडी ८८. पाऊण तास कंटाळून बसलेल्या मावशी आता सरळ बसून सुनेला बाजाराची यादी सांगत होत्या. वीस मिनिटांनी नाडी परत जागेवर.

"बघा," त्या म्हणाल्या, "आता डोकं उघडलं."

समुपदेशकांनी विचारलं, "बंद कशाने झालं होतं?"

त्यांना लगेच पटलं नाही, पण प्रश्न डोक्यात राहिला. पुढच्या भेटीत त्यांनीच तो काढला. सकाळचा पहिला विडा त्या उठल्यावर दहा मिनिटांत खात. रात्रभराच्या खंडानंतर जे जडपण यायचं ते त्या विड्याने जायचं. ते जडपण म्हणजे झोपेचा आळस, असं त्या तीस वर्षं समजत होत्या.

पर्याय कोणते होते

पहिला पर्याय मी आधीच वापरून बसले होते: गाल दाखवायचा, घाबरवायचं आणि आजपासून बंद म्हणायचं. तो तिसऱ्या दिवशी मोडला.

दुसरा पर्याय औषधांचा. निकोटीनच्या च्युइंगगमचा विचार मी केला, कारण वरची अर्ध्या किल्लीची गोष्ट डोक्यात होती. समुपदेशकांनी विरोध केला. सहा वर्षं निकोटीनपासून लांब असलेल्या बाईला आपण होऊन पुन्हा निकोटीन का द्यायचं? आणि गम चावायचा म्हणजे आखडलेल्या जबड्याला त्रास. त्यांचं बरोबर होतं. पानात तंबाखू असती तर मी हा पर्याय सोडला नसता, कारण तिथे निकोटीनची ओढ वेगळी हाताळावी लागते. सुपारीच्या व्यसनासाठी तैवानमध्ये नैराश्यावरच्या औषधांची आठ आठवड्यांची चाचणी झाली आहे आणि खोट्या गोळीपेक्षा त्यांचा परिणाम चांगला आला. पण हे अजून सर्रास द्यायचं औषध नाही, त्याला मनोविकारतज्ज्ञ हवा, आणि जवळचा तज्ज्ञ दोन तासांवर. मावशींना गोळी नकोच होती. तो दरवाजा आम्ही लोटून ठेवला, कडी घातली नाही.

तिसरा पर्याय हळूहळू कमी करण्याचा, आणि तो निवडताना मी चूक केली. मी म्हटलं, आधी चुना सोडा. मनातला हिशोब असा की चुना गेला की वेग जाईल, वेग गेला की ओढ सैल होईल. मावशींनी शब्दशः ऐकलं. पान, चुना, कात बंद केलं आणि नुसतं भाजक्या सुपारीचं खांड गालात धरायला लागल्या. दहा दिवसांनी आल्या तेव्हा तोंडाची आग वाढली होती. पूर्वीचा झटका येईना म्हणून खांड जास्त वेळ धरलं जात होतं, एक तर झोपतानाही. दिवसाला तीन सुपाऱ्या लागायच्या त्या चार-पाच झाल्या. गालाच्या दृष्टीने मी त्यांना वाईटातून जास्त वाईटाकडे नेलं होतं. आखडणाऱ्या गालाचा दोषी सुपारी आहे, आणि मी तिच्याभोवतीचं सगळं काढून घेऊन तीच तेवढी शिल्लक ठेवली.

चौथा पर्याय समुपदेशकांचा, जो शेवटी धरला. सुपारी सोडायचा एक दिवस ठरवायचा, पण त्याआधी कोणता विडा कशासाठी खाल्ला जातो ते शोधायचं. तंबाखू सोडवण्याची जी पद्धत आहे तीच विड्याला बेतून ग्वाम आणि सायपान या पॅसिफिक बेटांवर तपासली गेली आहे, तिचा हा आमच्या गावापुरता अवतार.

काय केलं

मावशींना लिहायचा कंटाळा. म्हणून सुनेने कॅलेंडरवर तीन दिवस प्रत्येक विड्याला एक रेघ मारली आणि शेजारी एक शब्द लिहिला. बारा रेघांचे सरळ दोन ढीग झाले.

चार विडे गरजेचे होते: उठल्यावरचा, दोन्ही जेवणांनंतरचे आणि दुपारी तीनचा. हे चुकले की डोकं जड व्हायचं. उरलेले आठ हाताने खाल्लेले होते. सोलायला बसलं की चंची, मालिका लागली की चंची, शेजारीण आली की दोघींत एक. यांतल्या बऱ्याच विड्यांच्या वेळी अंगात अरेकोलिन अजून होतंच. ओढ नव्हती, खूण होती. सोलायच्या पाटाचा, टीव्हीच्या आवाजाचा, शेजारणीच्या चपलांचा आणि विड्याचा मेंदूने इतक्या वर्षांत एवढा घट्ट संबंध लावला होता की पाटावर बसलं की तोंडाला पाणी सुटायचं. विडा रोजचा का होतो, याचं उत्तर मला त्या कॅलेंडरवर जितकं स्वच्छ दिसलं तितकं पुस्तकात दिसलं नव्हतं. चार विडे बाकीच्या दिवसाला जागेवर ठेवत होते आणि आठ विडे त्या चारांना आठवण करून देत होते.

म्हणून आधी आठ काढायचे ठरले, कारण त्यांना अंगाचा विरोध कमी. चंची सोलायच्या पाटापासून उचलून माजघरातल्या फडताळात गेली. विडा हवा तर उठून जायचं. नुसत्या उठण्याच्या आळसाने आठवड्यात पाच विडे गळले. पाटाशेजारी भाजलेली बडीशेप आणि तीळ. लवंग आणि ओवा आम्ही मुद्दाम टाळले, कारण अशा गालाला दोन्ही झोंबतात.

हातात दिवसभर सुपारीच असणं हा मोठा पेच होता. दारू सोडणाऱ्याला कुणी गुत्त्यावर कामाला पाठवत नाही, आणि मावशींचं कामच सुपारी सोलणं. काम सोडा म्हणणं शक्य नव्हतं, हंगामाचा तोच पैसा. सुनेने मार्ग काढला: मावशींनी अख्ख्या सुपारीची साल काढायची, निवडायचं, पण अडकित्ता हातात घ्यायचा नाही. फोडलेलं खांड समोर दिसायचं नाही. साध्या अख्ख्या सुपारीने तोंडाला पाणी सुटत नाही, फोडलेल्या सुपारीच्या वासाने सुटतं, हे मावशींनीच सांगितलं होतं.

पुढचा वाद पानाचा. हळदीकुंकू आहे, बारसं आहे, विडा नाकारला तर वाईट दिसतं. नागवेलीच्या पानात सुपारी न घालता गुलकंद, बडीशेप, सुकं खोबरं घातलेला विडा चालवावा, असं मी म्हटलं. समुपदेशक म्हणाले, पान म्हणजेच खूण, तिला जिवंत ठेवू नका. शेवटी तडजोड: तसा विडा फक्त चारचौघांत, घरी नाही. चारचौघांत तो चालला. घरी एकदा दुपारी तीनला त्यांनी तो करून पाहिला आणि पाच मिनिटांत सुपारी शोधायला उठल्या. समुपदेशकांचा मुद्दा निम्मा खरा ठरला, माझाही निम्मा.

तीन आठवड्यांनी चार विडे उरले आणि ते एका दिवशी एकदम बंद केले. पहिले पाच दिवस वाईट जातील हे घरातल्या सगळ्यांना आधी सांगून ठेवलं होतं. डोकं दुखेल, चिडचिड होईल, झोप विस्कटेल, खा-खा सुटेल, पण यात जिवाला धोका नाही. दारू एकाएकी सोडताना जी भीती असते ती इथे नाही. तिसरा दिवस सगळ्यांत जड गेला. त्या दिवशी सोलायला बसायचंच नाही, असं आधीच ठरलेलं होतं. मावशी मुलीकडे गेल्या, जिथे सुपारी नाही. दुसऱ्या आठवड्यात सकाळचं जडपण गेलं.

गालावरचे उपचार समांतर चालू होते: काही आठवडे गालात इंजेक्शनं आणि घरी रोज काड्यांचा व्यायाम. आइस्क्रीमच्या लाकडी काड्या एकावर एक रचून दातांच्या मधे धरायच्या आणि जमेल तशी एक-एक वाढवायची. मावशींची सुरुवात १३ काड्यांवर झाली.

मधेच एक घसरण

पाचव्या आठवड्यात नात्यातल्या बाराव्याच्या जेवणाला गेल्या. जेवणानंतर तबक फिरलं. दुःखाच्या घरी नको कसं म्हणायचं, म्हणून एक विडा घेतला, पूर्वीचाच, चुना-कात-सुपारी सगळं घातलेला.

आणि त्यांना सुपारी लागली. घाम, छातीत धडधड, डोळ्यांसमोर अंधारी. पाच वर्षं बारा-बारा विडे पचवणाऱ्या बाईला अर्ध्या विड्याने खांबाला टेकून बसावं लागलं. सुनेला वाटलं हृदयाचा झटका. त्या वयात ती शंका घेणंच योग्य, आणि तिने जवळच्या डॉक्टरांकडे नेऊन कार्डिओग्राम काढला. तो ठीक निघाला.

मला यात दोन गोष्टी दिसल्या. पाच आठवड्यांत शरीराने घातलेली जुळणी सुटली होती, नाहीतर अर्धा विडा लागला नसता. ही चांगली बातमी. वाईट बातमी दुसऱ्या दिवशी आली: मावशींनी तीन विडे खाल्ले. एवढा त्रास होऊनही. अंगाची सवय पाच आठवड्यांत मोडली होती, खुणांची मोडली नव्हती. बाराव्याहून घरी आल्यावर कुणीतरी दिलेला उरलेला पानसुपारीचा पुडा फडताळात गेला होता आणि सकाळी फडताळ उघडलं होतं.

समुपदेशकांनी त्यांना एकच विचारलं, "पुडा कुठे आहे?" पुडा घराबाहेर गेला. नव्या तारखेपासून पुन्हा मोजायचं नाही असं ठरवलं, कारण "पाच आठवडे वाया गेले" असं त्यांच्या डोक्यात बसलं असतं तर त्या तिथेच थांबल्या असत्या.

निष्पत्ती

अकरा महिन्यांनंतरची स्थिती: रोजचा विडा बंद आहे. महिन्याकाठी एखादा होतो, बहुतेक कार्यात. त्या स्वतः सांगतात, लपवत नाहीत. मात्र हंगामात, जानेवारीत, सलग आठवडाभर रोज दोन झाले होते. तेव्हा दिराकडे मजूर कमी होते आणि अडकित्ता पुन्हा मावशींच्या हातात आला होता.

तोंड २७ वरून ३१ मिलिमीटरवर आलं. काड्या १३ वरून १५. तिखटाची आग बरीच कमी आहे. गालातल्या दोऱ्या बोटाला अजून लागतात आणि लागत राहतील. कर्करोगाची शक्यता सुपारी सोडल्याने शून्य होत नाही, म्हणून दर तीन महिन्यांनी तपासणी, आणि मधे पांढरा-लाल चट्टा, न भरणारा व्रण किंवा गाठ दिसली तर त्याच आठवड्यात यायचं.

आता वेगळं काय करेन

तीन वर्षांपूर्वीच्या दाढेच्या दिवशी परत जाता आलं तर तोंड किती उघडतं ते तेव्हाच मोजेन. दहा सेकंदांचं काम आहे. तेव्हा ते ३५ असतं की ३०, हे आता कधीच कळणार नाही.

मिश्री सोडवणाऱ्याने त्याच बैठकीत पानाचं विचारायला हवं होतं, आणि "पान खाता का" एवढ्यावर न थांबता दिवसाला किती, पहिला कधी, झोपताना गालात असतो का, हे तिन्ही. उठल्यावर दहा मिनिटांत विडा लागतो, हे एक उत्तर मला आज बारा या आकड्यापेक्षा जास्त सांगतं.

"चुना सोडा" हे मी पुन्हा कुणाला सांगणार नाही. सुपारी सोडा, मग पानात चुना लावायचं कारणच उरत नाही.

दवाखान्यात विडा खाऊ देण्याबद्दल मात्र अजून ठरत नाही. त्या वीस मिनिटांनी जे पटवलं ते माझ्या तोंडी सांगण्याने पटलं नसतं, हे खरं. पण त्यानंतर आठवडाभर मावशी सुनेला सांगत होत्या, "डॉक्टरीणबाईंनीच दिला होता खायला."

दवाखान्याच्या फॉर्मवर आता तंबाखूच्या खाली सुपारीची वेगळी ओळ आहे. पहिल्याच महिन्यात ती एका सातवीतल्या मुलाच्या आईने भरली. मुलगा शाळेबाहेरच्या टपरीवरून गोड सुपारीच्या पुड्या आणतो, दिवसाला चार. त्याचं तोंड मोजलं: ३८. पुढची तारीख दिली आहे.